मदत हवी आहे: आरशात फिरणाऱ्या गोळीचा आवर्तकाल सूत्राशी जुळत नाही

निळी_शाई
कालपासून तीसेक वेळा मोजलं. सूत्राने १.२७ सेकंद यायला हवेत, माझे दर वेळी १.४८ येतात. दहा दोलनांना १४.७ ते १४.९ सेकंद लागतात, म्हणजे स्टॉपवॉच दाबण्यात चूक नाही. परवा सरांना वही दाखवायची आहे. घर्षणामुळे उशीर होतो असं लिहून टाकू का? प्लीज लवकर सांगा.

लंबक
कशाचं दोलन? कशात? कुठलं सूत्र? एवढ्यावरून कोण काय सांगणार!

आर्याची_आई
आमच्या आर्याचं अगदी असंच झालं होतं. तिने दोरी फक्त गाठीपर्यंत मोजली होती. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. दोरी पुन्हा मोज बाळा.

निळी_शाई
काकू, दोरी नाहीये. अंतर्गोल आरसा टेबलावर उताणा ठेवलाय आणि त्यात स्टीलची गोळी सोडते. ती मागेपुढे जाते. सूत्र T = 2π√(R/g), वाटीत सरकणाऱ्या ठोकळ्याचं. अकरावीचा प्रोजेक्ट आहे.

लंबक
R किती आणि कसा काढलास? गोळीचा व्यास? किती लांबून सोडतेस?

निळी_शाई
समोरच्या इमारतीची प्रतिमा कागदावर घेतली. नाभीय अंतर २० सेंमी, म्हणून R ४० सेंमी. गोळी २५ मिमी. मध्यापासून ४ सेंमीवरून सोडते.

भोसरीचा_बेअरिंगवाला
गोळी जड आहे म्हणून वेळ लागतो. मी तीस वर्षं बेअरिंगच्या धंद्यात आहे, जड बॉल हळू उचल घेतो. हलकी गोळी घे, लगेच फरक दिसेल. आणि ती २५ मिमी आहे की एक इंच, म्हणजे २५.४, ते व्हर्नियरने बघ. नाना पेठेत दोन्ही मिळतात आणि दुकानदार दोन्हींना पंचवीसच म्हणतो.

प्रथमेश_बारावी
काका, वस्तुमान समीकरणातून निघून जातं. खरी गोष्ट अशी की ठोकळा घसरतो आणि गोळी घरंगळते. भरीव गोळीसाठी मुळाखाली ७/५ येतात. √१.४ म्हणजे १.१८. १.२७ ला त्याने गुणलं की १.५०. तुझे १.४८ आले. राहिलेला ०.०२ प्रायोगिक त्रुटी म्हणून लिही, विषय संपला.

निळी_शाई
पण ७/५ येतात कुठून? तोंडी परीक्षेत विचारतील. आणि मग हे घर्षणच झालं ना?

लंबक
घर्षण आहे, पण तुला वाटतंय तसं नाही. ठोकळा खाली येतो तेव्हा उंचीची सगळी ऊर्जा पुढे जाण्यात खर्च होते. गोळीला त्याच ऊर्जेतून स्वतःभोवती फिरायचंही असतं. भरीव गोळीत सातातले पाच भाग पुढे जाण्याला मिळतात आणि दोन फिरण्याला. म्हणून तळाशी तिचा वेग ठोकळ्यापेक्षा कमी असतो आणि सगळा झोकाच लांबतो. यात ऊर्जा वाया जात नाही, वर चढताना फिरण्यातली ऊर्जा परत मिळते.

घर्षणाची दिशा वहीत काढून बघ. गोळी उतरताना ते उताराच्या वरच्या बाजूला असतं, कारण त्याला गोळी फिरवायची असते. चढतानाही ते वरच्याच बाजूला असतं! तेव्हा ते फिरणं कमी करून गोळीला वर ढकलतं. म्हणजे मध्याकडे खेचणारं बल दोन्ही वेळा कमी होतं, mg sinθ ऐवजी त्याचे ५/७ उरतात. ‘घर्षण गतीला विरोध करतं’ एवढंच लिहिलंस तर पुढच्याच प्रश्नाला अडकशील.

आता प्रथमेश, तो ०.०२ असा सोडून द्यायचा नाही. दहा दोलनांत १५.० आणि १४.८ हा फरक तिला दर वेळी एकाच बाजूला दिसतोय. त्रुटी असती तर कधी इकडे, कधी तिकडे गेली असती. गोळीचा मध्य आरशाच्या पृष्ठभागावर नसतो, तो १.२५ सेंमी वर असतो. तो R त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतच नाही, R − r वर फिरतो. ४० च्या जागी ३८.७५ घाल:

T = 2π√(7(R − r)/5g)

उत्तर १.४८ येतं. आर्याच्या आईंनी प्रश्न दोरीचा समजला, पण ‘गोळ्याच्या मध्यापर्यंत मोज’ हा त्यांचा सल्ला इथेही तंतोतंत लागू आहे.

प्रथमेश_बारावी
मध्याच्या मार्गाला R − r मान्य. पण फिरण्यासाठी R च यायला हवा. गोळी पृष्ठभागावर Rθ एवढा कंस कापते, म्हणजे Rθ/r एवढी फिरते. मी तसं करून पाहिलं, १.४९ आले.

लंबक
एक बांगडी आणि तिच्या साधारण निम्म्या व्यासाचं नाणं घे. दहा रुपयांचं २७ मिमीचं चालेल. बांगडीच्या आतून न घसरू देता एक पूर्ण फेरी घाल आणि नाण्यावरचे सिंह किती वेळा सरळ होतात ते मोज. तुझ्या हिशोबाने दोनदा व्हायला हवेत, होतील जेमतेम एकदा. कापलेल्या कंसातून एक फेरी उलट वजा होते, कारण टेकण्याची जागाही फिरत असते. म्हणून (R − r)θ/r.

प्रथमेश_बारावी
आईची बांगडी घेऊन केलं. एकदाच झाले. पण १.४८ आणि १.४९ मधला फरक हिच्या स्टॉपवॉचने ठरत नाही, हे तर मान्य कराल?

लंबक
मान्य. शिवाय तिचा R प्रकाशावरून काढलाय. प्रकाश मागच्या चांदीवरून परततो आणि गोळी पुढच्या काचेवर फिरते. काचेच्या जाडीने R दोन-तीन मिमी इकडेतिकडे होऊ शकतो. कॉलेजातला स्फेरोमीटर काचेवर ठेवून एकदा मोजावा. १.५० आणि १.४८ चं भांडण मात्र काचेने मिटत नाही, त्यासाठी R सव्वा सेंमीने चुकायला हवा.

भोसरीचा_बेअरिंगवाला
तेल लावलं तर गोळी घसरेल आणि १.२५ येईल, बरोबर? आमच्याकडे तेलाशिवाय काही चालत नाही.

लंबक
तेवढं सोपं नाही. ४ सेंमीवर उतार साधारण ६ अंशांचा असतो. तिथे न घसरता घरंगळायला घर्षण गुणांक ०.०३ पुरतो. तेलाने तो त्याहून खाली जाईलच असं मी म्हणणार नाही, आणि तेलाचा चिकटपणा गोळीला ओढतो ते वेगळंच. ठोकळाच हवा असेल तर बर्फ घे. हलक्या गोळीचं म्हणाल, तर टेबल टेनिसचा चेंडू सोडून बघा.

निळी_शाई
दोन्ही केलं! बर्फाचा चपटा तुकडा थोडा वितळू दिला, मग सोडला. पाचच झोके नीट मिळाले, ६.३ सेकंद, म्हणजे १.२६. टेबल टेनिसच्या चेंडूला १.६ च्या आसपास लागतात, पण तो लवकर थांबतो. काका, चेंडू सगळ्यात हलका आणि सगळ्यात हळू!

भोसरीचा_बेअरिंगवाला
हे मला पटत नव्हतं. नातवाचा चेंडू घेऊन कढईत केलं, तिथे तर दोन्ही गोळ्या वेड्यावाकड्या जातात.

लंबक
कढईचा तळ सपाट असतो, तिथे R एकच नसतो. चेंडू पोकळ आहे, त्याचं सगळं वस्तुमान कडेला. त्यामुळे फिरण्यात ऊर्जेचा जास्त वाटा जातो, मुळाखाली ७/५ ऐवजी ५/३ येतात. वजनाने नाही, वजन कुठे आहे त्याने फरक पडतो.

आर्याची_आई
हा आरसा मिळतो कुठे? आर्यालाही करायचाय.

निळी_शाई
काकू, माझा कॉलेजच्या लॅबमधून आणलाय, उद्या परत द्यायचाय. त्याआधी तेल लावून बघते, मग धुऊन देईन. आकडे इथे टाकते.