मदत हवी आहे: ग्राइंडरला लोखंड, टाइल आणि ग्रॅनाइटसाठी नेमकी कोणती डिस्क?

नवा_हात:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १०० मिमीचा साधा अँगल ग्राइंडर आहे, ११,००० आरपीएमचा. ५ मिमी जाडीच्या लोखंडी अँगलचं स्टँड करतोय. वर २० मिमी जाडीचा ग्रॅनाइटचा तुकडा बसवायचा आणि मागे व्हिट्रिफाइड टाइलची एक ओळ लावायची, असा बेत आहे.

लोखंड १.२ मिमीच्या कटिंग डिस्कने छान कापलं गेलं. त्याच डिस्कने ग्रॅनाइट कापायला घेतला, तर वीतभर खाच पडेपर्यंत डिस्क १०० वरून ७० मिमीवर आली आणि जळका वास सुटला. मग डायमंड ब्लेड आणलं, कडेला खाचा असलेलं. त्याने ग्रॅनाइट कापला गेला. ब्लेड लावलेलंच होतं म्हणून राहिलेले दोन अँगलही त्यानेच कापले. आता तेच ब्लेड टाइलवर नुसतं घासतंय, धूर येतोय आणि कडेचे कपचे उडतायत.

पाकिटांवर कुठे ॲल्युमिनियम ऑक्साइड, कुठे रेझिन बॉन्ड, कुठे डायमंड लिहिलंय. या तिघांपैकी कोणती कशाला लावायची? आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे ॲल्युमिनियम कापायची का? ब्लेड मेलं असेल तर तेही सांगा.

धारदार:
हिरा सगळ्यात कठीण, त्यामुळे तो सगळंच कापतो. मी डायमंड डिस्कने दोन वर्षं सळया कापतोय, काही झालेलं नाही. तुझं ब्लेड हलक्या प्रतीचं असणार. नवीन घे.

फरशीताई:
रेझिनवाल्या ना? त्या पॉलिशच्या. मी ओट्याच्या कडा त्यांनीच घासते. ५० नंबरपासून सुरू करायचं आणि ३००० पर्यंत चढत जायचं, पाणी सतत हवं आणि ग्राइंडर कमी वेगाचा. ११,००० वर लावल्या तर पॅड जळतं. त्याने कापायला जाऊ नका हं.

भट्टीवाले_काका:
नवा_हात, तुमचा गोंधळ पाकिटांनीच केलाय. त्या तीन जाती नाहीतच. प्रत्येक डिस्कमध्ये दोन गोष्टी असतात: कापणारा दाणा आणि तो दाणा धरून ठेवणारा चिकटा. ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि हिरा हे दाणे. रेझिन, म्हणजे राळ, हा चिकटा. तुमची लोखंडाची डिस्क ॲल्युमिनियम ऑक्साइडची आहे *आणि* रेझिन बॉन्डचीही आहे. फरशीताईंच्या पॅडमध्ये दाणा हिऱ्याचा आणि चिकटा राळेचा. तुमच्या डायमंड ब्लेडमध्ये दाणा हिऱ्याचा, पण चिकटा धातूचा. फरशीताईंचं म्हणणं खरं आहे, फक्त त्या दुसऱ्या कामाबद्दल बोलतायत.

लोखंडाच्या डिस्कवरचा छाप वाचा. ए ६० टी बीएफ असं काहीतरी असेल. ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ६० हा दाण्याचा नंबर, टी हा चिकट्याचा कडकपणा, बीएफ म्हणजे आत काचधाग्याची जाळी असलेली राळ. ए च्या जागी सी असेल तर दाणा सिलिकॉन कार्बाइडचा, तो दगडासाठी. दोन्ही डिस्क काळ्याच असू शकतात, म्हणून रंगावर जाऊ नका. ॲल्युमिनियमला ए ची साधी डिस्क लावली तर मऊ धातू दाण्यांमध्ये भरून बसतो आणि डिस्क कापायची थांबते. नावावर जाऊ नका.

आता तुमची डिस्क का झिजली ते. लोखंडावर दाणा बोथट झाला की त्याच्यावरचा जोर वाढतो, राळ त्याला सोडून देते आणि खालचा ताजा दाणा वर येतो. डिस्क थोडी थोडी झिजते, म्हणूनच धार टिकते. ग्रॅनाइटची भुकटी मात्र राळच खरवडते. दाणे काम करायच्या आधीच गळतात, घर्षणाने राळ तापते. तुम्हाला आला तो वास तिचाच. शिवाय ७० मिमीवर आलेल्या डिस्कच्या कडेचा वेग सेकंदाला ५८ मीटरवरून ४० वर येतो, म्हणजे कापणं आणखी मंदावतं आणि माणूस आणखी दाबतो. बारीक डिस्क फुटते ती बहुधा अशा वेळी, खाचेत तिरकी होऊन.

नवा_हात:
काका, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी खरंच दाबत होतो. मग धारदार यांचं डायमंड ब्लेड लोखंडावर कसं चालतं?

भट्टीवाले_काका:
धारदार, तुमच्या डिस्कची कड नीट बघा. सलग धातूच्या पट्टीऐवजी पोलादी चकतीच्या काठावर खडीसाखरेसारखे दाणे चिकटवलेले दिसतात का? तशी असेल तर ती व्हॅक्यूम ब्रेझ केलेली, धातूसाठीच बनवलेली. ती लोखंडावर चालते. टाइल-दगडाचं ब्लेड चालत नाही. तापलेलं लोखंड हिऱ्यातला कार्बन ओढून घेतं, हिऱ्याचं टोक गोल होतं, आणि लोखंडाचा लेप कडेवर बसून उरलेले हिरे झाकून टाकतो.

धारदार:
बघितली. दाणे काठावर वरूनच आहेत. बरोबर बोललात, मी सगळ्या डायमंड डिस्क एकच समजत होतो.

भट्टीवाले_काका:
नवा_हात, ब्लेड लगेच टाकू नका. प्लग काढा आणि कडेवरून नख फिरवा. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर हिरे झाकले गेलेत. मग काँक्रीटचा मऊ, वाळूदार ठोकळा घट्ट धरून बसवा आणि त्यात सेंटीमीटरभर खोल अशा दहा-पंधरा खाचा पाडा, न दाबता. वाळू धातूचा चिकटा खरवडते आणि नवे हिरे उघडे पडतात. नख पुन्हा अडकायला लागलं की थांबा, नाहीतर फुकट झीज होईल. बाण बघूनच बसवा. प्रत्येक हिऱ्यामागे चिकट्याची छोटी शेपटी त्याला आधार देते. ब्लेड उलटं फिरलं की तो आधार जातो.

पण टाइलला हे ब्लेड नकोच. खाचांची प्रत्येक कड टाइलवर आपटते, म्हणून कपचे. सलग कडेचं पातळ ब्लेड घ्या आणि टाइलची चकचकीत बाजू वर ठेवा. आधी २ मिमी खोल एकच रेघ, मग पूर्ण काप. शेवटचे दोन सेंटीमीटर उलट बाजूने येऊन कापा, नाहीतर कोपरा मोडतो. ग्रॅनाइटला खाचांचंच ब्लेड ठेवा, ५-५ मिमी खोल उतरत जा. मध्ये मध्ये बाहेर काढून मोकळं फिरवा, गार होतं.

फरशीताई:
आणि धूळ! टाइल आणि ग्रॅनाइटची ती पांढरी भुकटी सिलिकाची असते, फुप्फुसात बसली की निघत नाही. रुमाल चालत नाही, नीट बसणारा पी२ किंवा एन९५ मास्क घाला. मात्र साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका. माझं मशीन पाण्याचं आहे म्हणून मी ओतते.

नवा_हात:
ठोकळ्यात बारा खाचा पाडल्या. नख अडकायला लागलं आणि ग्रॅनाइटची राहिलेली बाजू कापली गेली. आधीपेक्षा हळू, पण धूर नाही. टाइलला सलग कडेचं ब्लेड लावलं, चारपैकी तीन टाइल स्वच्छ. चौथीला एकाच बाजूला बारीक कपचे आहेत. ब्लेड फिरताना थोडं डुलतंय असं वाटतं.

धारदार:
फ्लँजमध्ये धूळ अडकली असेल, पुसून बघ.

भट्टीवाले_काका:
फ्लँजही असेल, ब्लेडच्या भोकाचं मापही. टाइलच्या बऱ्याच ब्लेडचं भोक २० मिमीचं असतं आणि तुमच्या मशीनच्या फ्लँजचा मधला उंचवटा १६ चा. मधली रिंग ढिली असेल तर ब्लेड मध्यावर बसत नाही. ब्लेड काढून रिंग हलते का ते बघा आणि इथेच कळवा. तोवर चौथ्या टाइलची ती बाजू कोपऱ्यात लपवता आली तर बघा.