मदत हवी आहे : तीन हॉटेलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दसूची

पार्कचौक
सोलापुरात आमची तीन हॉटेलं आहेत. फलक, बुकिंगचे मेसेज आणि खोलीतलं नियमपत्रक यांचं मराठी प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस करतो. अ‍ॅडव्हान्सला कुठे 'आगाऊ' लिहिलंय, तर कुठे 'अनामत'. दोनशे शब्द काढलेत. एका रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी, एवढ्यानं भागेल का?

शब्दजुळणी
नाही भागणार. आधी पैसे, वेळ आणि अंथरूण-पांघरूण यांचे चाळीसेक शब्द पक्के करा, वाद तिथेच होतात.

समजा भाडं २,००० आहे. बुकिंगच्या वेळी घेतलेले ५०० बिलातून वजा होतात, ती आगाऊ रक्कम. किल्ली देताना घेतलेले ५०० जाताना परत द्यायचे असतात, ती अनामत. पहिल्या रकमेला 'अनामत' म्हटलंत, तर पाहुणा उरलेले १,५०० भरून वर ५०० परत मागेल, आणि लिहिलेलं वाचून मागतोय म्हणजे त्याचं चूक नाही. म्हणून आणखी तीन रकाने हवेत : एका ओळीत अर्थ, नमुना वाक्य आणि 'इथे हा शब्द नको'. शेवटचा रकाना सहसा कोणी भरत नाही, पण खरं काम तोच करतो.

बेडशीटला 'चादर' लिहू नका. सोलापुरात चादर म्हटलं की जाड, पांघरायची. बेडशीट 'बेडशीट'च राहू द्या.

एक्सेलवाले_काका
एवढं कशाला? सूची ठरली की जुन्या फाइलींत फाइंड-रिप्लेस मारायचं. पाच मिनिटांचं काम.

शब्दजुळणी
काका, शोधायला ते उत्तम, पण बदल एकेक वाक्य वाचूनच करा. 'दोन रूम शिल्लक' याचं 'दोन खोली शिल्लक' होतं. 'डिपॉझिट परत दिलं जाईल' मधला शब्द बदलला तर 'अनामत परत दिलं जाईल' उरतं, क्रियापद तसंच. शिवाय 'खोली' शोधून 'खोल्या' सापडत नाहीत, म्हणून अनेकवचनही सूचीत लिहा.

अक्कलकोटरोड
आमच्या मेनूकार्डाचंही सांगा ना. शेंगा चटणीला इंग्रजीत काय लिहायचं? आणि कन्नड पाहुणे खूप येतात.

शब्दजुळणी
ताई, मेनूची यादी वेगळी ठेवा. पदार्थाचं नाव तसंच, फक्त इंग्रजी लिपीत. खाली मात्र शेंगदाणे, लसूण, तिखट हे इंग्रजीत स्पष्ट लिहाच, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला 'शेंगा' कळणार नाही. कन्नड करणाऱ्याला अर्थाचा रकाना द्या. नुसता मराठी शब्द दिला तर आपली संदिग्धताही सोबत जाते.

पार्कचौक
आभारी आहे. चेक-आउटला 'खोली सोडण्याची वेळ' बरं ना?

एक्सेलवाले_काका
चेक-आउटच ठेवा. सगळ्यांना कळतं.

शब्दजुळणी
फलकावर मला 'खोली सोडण्याची वेळ : दुपारी १२' आवडेल, नुसतं '१२ वाजता' नको. काउंटरवर मात्र सगळे चेक-आउटच म्हणतात, त्यामुळे काकांचंही पटतं. दोन्ही फलक आठवडाभर लावून बघा, रिसेप्शनवर कुठे कमी विचारणा होते ते.

पार्कचौक
स्टेशनजवळच्या हॉटेलात लावतो आणि इथे कळवतो.