शब्दचर्चा: ‘दुभाषी वर्ग’ की ‘द्विभाषिक वर्ग’?

विचारणारी (अभियांत्रिकी, तिसरं वर्ष, ठाणे):
पुढच्या आठवड्यात आमच्याकडे नव्या मुलांचं स्वागत आहे, भाषण माझ्याकडे आलंय. मी मराठी माध्यमातली. आमच्या वर्गात फळ्यावर इंग्रजी, समजावणं मराठीत आणि पेपर पूर्ण इंग्रजीत. अशा वर्गात अभ्यास ‘एफिशियंटली’ कसा करायचा, एवढंच सांगायचंय. पहिलंच वाक्य अडलं: ‘आपला वर्ग दुभाषी आहे.’ मैत्रीण म्हणते, द्विभाषिक म्हण. आणि एफिशियंटलीला काय म्हणू?

वाचक, वाशी:
दुभाषी साफ चूक. दुभाषी म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा माणूस. एफिशियंटलीला ‘दक्षतेने’ म्हणा. आणि मुलांना सांगा, प्रत्येक इंग्रजी संज्ञेचा मराठी शब्द पाठ करा, सगळं सोपं होतं.

निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, ठाणे:
दुभाषीचा अर्थ बरोबर सांगितलात. १६७४ साली रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी होता, तो दुभाषी. वर्गाला द्विभाषिकच म्हणावं.

‘दक्षता’ मात्र इथे नको. हिंदी पुस्तकांत तो शब्द या अर्थाने येतो, मराठीत दक्षता म्हणजे सावधपणा. आपल्याकडे ‘कार्यक्षमता’ आहे. मोटरीला १०० जूल दिले आणि ६० जुलांचं काम निघालं, तर कार्यक्षमता ६० टक्के. तासभर ऐकलं त्यातलं पेपरात किती उतरलं, हाच तुझा प्रश्न आहे ना?

आणि संज्ञा पाठ करून काम भागत नाही. रोजच्या बोलण्यात गाडीचा वेग म्हणतो तेव्हा आपल्या मनात स्पीड असतो, पुस्तकात मात्र स्पीड म्हणजे चाल आणि वेग म्हणजे व्हेलॉसिटी. ४०० मीटरच्या मैदानाला ८० सेकंदांत पूर्ण फेरी मारली, तर सरासरी चाल सेकंदाला ५ मीटर आणि सरासरी वेग शून्य. ओळखीचा शब्दच इथे फसवतो.

पालक, कोपरखैरणे:
माझी मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीला. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. म्हणजे हाही द्विभाषिक वर्गच. तिला दोन्ही भाषांची वेगळी शिकवणी लावावी का?

विचारणारी:
काका, तिचं थोडं वेगळं आहे. तिथे विषयागणिक भाषा ठरलेली, आमच्याकडे एकाच वाक्यात दोन. शिकवणीचं मला सांगता येणार नाही.

सर, वेगाचं उदाहरण घेते. पण माझा अनुभव असा की संज्ञांवर मी फारशी अडलेच नाही. पहिल्या वर्षी गणित होतं: ४० किलोची पेटी दोरीने वर ओढायची, त्वरण सेकंदाला सेकंदाला २ मीटर, ‘प्रोव्हायडेड दॅट’ दोरीतला ताण ५०० न्यूटनच्या वर जात नाही, ताण काढा. मला टेन्शन माहीत होतं, ॲक्सिलरेशन माहीत होतं. ‘प्रोव्हायडेड’ म्हणजे ‘दिलेलं आहे’ असं वाचलं आणि ताण ५०० लिहून मोकळी झाले. गुरुत्वाचे ९.८ आणि त्वरणाचे २ मिळून ११.८, म्हणून उत्तर ४० गुणिले ११.८, म्हणजे ४७२ न्यूटन. ५०० ही फक्त अट होती. गुण गेले ते ‘या अटीवर’ एवढ्या दोन शब्दांपायी.

म्हणून मी वही उभी दुमडते. डावीकडे सरांचं बोलणं, येईल त्या भाषेत, न थांबता. उजवी बाजू वर्गात कोरी. त्याच संध्याकाळी डावी बाजू झाकून तीच गोष्ट पेपरात लिहायची तशी इंग्रजीत दोन-तीन वाक्यांत लिहायची. हूकचा नियम लिहायला बसले तर ‘स्ट्रेस’, ‘स्ट्रेन’ लगेच आलं, मधलं ‘च्या समप्रमाणात’ आणि शेवटचं ‘स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत’ येईना. जिथे पेन थांबतं तिथे लाल खूण. महिन्याने पाहिलं तर बहुतेक खुणा अट, कारण आणि तुलना सांगणाऱ्या शब्दांवर.

वाचक, वाशी:
हे पटलं. पण रोज उजवी बाजू लिहायला वेळ कुठून आणायचा? पाच विषय असतात.

विचारणारी:
सगळं नाही लिहीत. एका तासाची एक व्याख्या किंवा एक नियम, दहा मिनिटं. आकडेमोडीच्या तासाला तर उजवी बाजू कोरीच राहते, तिथे मुळात वाक्यं कमी. आणि डावीकडचंच कळलं नसेल तर ही वही उपयोगाची नाही, मग सरांनाच मराठीत पुन्हा विचारायचं.

निवृत्त शिक्षक:
लाल खुणांची वही भाषणाला घेऊन जा, एक पान दाखव. आणि ‘दुभाषी’ काढण्याआधी थांब. तू डावीकडून उजवीकडे रोज जे करतेस ते दुभाष्याचंच काम आहे. वर्ग द्विभाषिक, विद्यार्थी दुभाषी, असं म्हणता येईल.

वाचक, वाशी:
मला नाही पटत सर. दुभाषी दुसऱ्यासाठी बोलतो, ही स्वतःसाठी लिहितेय.

विचारणारी:
भाषण मंगळवारी आहे. तोवर ‘वर्ग द्विभाषिक’ एवढं पक्कं धरते, दुसऱ्या शब्दाचं आणखी कोणाला काही वाटत असेल तर सांगा.