मदत हवी आहे: पुलाच्या माथ्यावर नॉर्मल उणे येतोय, म्हणजे काय समजायचं?

रेवा_बारावी
रोटेशनल डायनॅमिक्समधलं कन्व्हेक्स ओव्हरब्रिजचं गणित आहे. क्लासच्या शीटमध्ये दिलंय ते असं: पुलाची पाठ २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा भाग, या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं अंतरही २० मीटर, गाडी १००० किलोची, वेग कायम. माथ्यावर नॉर्मल किती, आणि कोणत्या वेगाला गाडी रस्ता सोडेल? वेग १० m/s धरून मी केलं:

```
N = 1000 × (9.8 − 10²/20) = 4800 N
N = 0  →  v = √(9.8 × 20) = 14 m/s
```

इथपर्यंत ठीक. मग गंमत म्हणून १६ टाकून पाहिलं, तर N उणे ३००० आला. उणे म्हणजे रस्ता गाडीला खाली ओढतोय का? आणि ते आडवं २० मीटर कशाला दिलंय? मी ते कुठेच वापरलं नाही.

सुहास_के
बँकिंगचा कोन दिलाय का? त्याशिवाय नाही सुटायचं.

रेवा_बारावी
काका, वळण नाहीये, पूल सरळ आहे. चढून उतरायचं फक्त.

दत्ता_मालवाहतूक
ताई, वजन विसरू नका. भरलेला ट्रक पुलावर बसून जातो, रिकामा हापटतो. पंचवीस वर्षं स्टिअरिंग धरलंय. जड गाडी उशिरा उडणार, हलकी आधी. तुमच्या १४ मध्ये वजन कुठंच दिसत नाही, म्हणजे उत्तर चुकलंय.

फळा_खडू
दत्ताभाऊ, भरलेल्या ट्रकवर रस्त्याचा दाब जास्त असतो हे खरंच. पण त्या ट्रकला पुलाच्या गोलाईबरोबर खाली वळवायला लागणारं बलही तितक्याच पटीनं जास्त लागतं. दोन्हीकडे m आहे, तो उडून जातो. सुटण्याचा वेग ट्रकला आणि मोपेडला एकच. तुमचा रिकामा ट्रक हापटतो तो स्प्रिंगच्या पाट्यांमुळे. भरल्या वजनासाठी बसवलेले कडक पाटे रिकाम्या गाडीखाली दबतच नाहीत.

रेवा, आता तुझं उणे. माथ्यावर गाडीला खाली वळायचं असतं आणि खाली ओढणारं तिच्याकडे फक्त स्वतःचं वजन आहे. रस्ता ढकलू शकतो, ओढू शकत नाही, टायरला डिंक लावलेला नाही. १० ला वळण्यासाठी ५००० न्यूटन पुरतात, उरलेले ४८०० रस्ता पेलतो. १६ ला वळायला १२८०० लागतील आणि वजन आहे ९८००. ही तूट भरणारं कुणी नाही. म्हणून उणे N हे बल नाहीच. 'गाडी रस्त्याला चिकटून आहे' असं जे आपण गृहीत धरलं, ते मोडल्याची ती खूण आहे. १६ नं आलेली गाडी माथ्यावर रस्त्याला टेकलेली नसतेच.

आता ते आडवं २० मीटर. शीट काढणाऱ्यानं मुद्दाम दिलं की चुकून, ठाऊक नाही, पण खरी मजा तिथंच आहे. माथ्यापासून θ कोनावर वजनाचा केंद्राकडे जाणारा भाग mg नसतो, mg cosθ असतो:

```
N = m (g cosθ − v²/R)
```

तुझ्या पुलाचं टोक माथ्यापासून १० मीटर आडवं, त्रिज्या २०, म्हणजे sinθ = ०.५, कोन ३०°. वेग तोच १० ठेवलास तर टोकाला N किती येतो ते काढून बघ.

रेवा_बारावी
१००० × (८.४९ − ५) = ३४९० न्यूटन. सर, हा तर माथ्यापेक्षा कमी आला! मला वाटायचं माथ्यावरच सगळ्यात कमी असणार.

फळा_खडू
बहुतेकांना तसंच वाटतं, कारण पुस्तकं फक्त माथ्याचंच चित्र काढतात. वेग कायम असेल तर नॉर्मल माथ्यावर सगळ्यात जास्त आणि दोन्ही टोकांना सगळ्यात कमी. टोकाला N शून्य केलास तर v² = १६९.७, म्हणजे वेग १३ m/s, साधारण ४७ किमी/तास. माथ्याचं सूत्र सांगतं ५०. या दोन आकड्यांच्या मधल्या वेगानं आलेली गाडी गोलाई सुरू होते तिथंच सुटते. माथ्यावरचा N सूत्रातून तेव्हा धन येतो, पण त्यावरून गाडी कुठेच सुटली नाही असं समजू नकोस.

एक अट मात्र आहे. पुलाआधीचा चढ त्याच ३०° नं सरळ येऊन गोलाईला मिळाला पाहिजे. सपाट रस्त्यावरून थेट ३०° च्या चढाला भिडलीस तर आधी बंपर जाईल.

अश्विनी_कोल्हापूर
मग आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरला पण हेच सूत्र का? पोरांनी सिमेंटचा घातलाय, हातभर उंच वाटतो. स्कूटी वीसनं गेली तरी मागे बसलेली सासू सीटवरून उठते. रागावते मलाच.

रस्तेवाला
ताई, हातभर नसणार, पण कळलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याची त्रिज्या १७ मीटर. तो २५ किमी/तास वेगानं ओलांडायचा असं धरलेलं आहे. त्या वेगाला माथ्यावरचा दाब साधारण ३० टक्के कमी होतो, चाक सुटत नाही. गल्लीतल्या पोरांचा असतो मीटरभर रुंद आणि उंची तीच १० सेंटिमीटर. त्याची त्रिज्या येते १.३ मीटर, आणि √(gR) काढलं तर १३ किमी/तास! सासूबाई उगाच उठत नाहीत.

हायवेवर मात्र उलटं आहे. तिथं माथ्याची गोलाई ठरते ती समोरचं दिसावं म्हणून. ताशी ८० ला थांबायला १२० मीटर दिसलं पाहिजे, त्यासाठी त्रिज्या येते सव्वातीन हजार मीटरच्या आसपास. त्या माथ्यावरून सुटायला ताशी साडेसहाशे किलोमीटर लागतील. ८० ला वजन कमी होतं ते फक्त दीड टक्का. हायवेच्या पुलावर पोटात गोळा येतो तो गोलाईमुळे नाही. पुलाला टेकलेला भराव खचतो आणि जोडाशी पायरी तयार होते, त्यामुळे येतो.

फळा_खडू
आकडे बरोबर. पण १३ किमीवर पैज लावू नका. सूत्र ठिपक्याएवढ्या गाडीचं आहे. मीटरभर रुंद उंचवट्यावर चाक स्वतःच त्याच्या जवळजवळ निम्म्या लांबीचं, शिवाय वरून स्प्रिंग चाकाला खाली दाबत असते. चाक टेकलेलं आणि गाडीचा सांगाडा वर उठलेला, असंही होतं. सासूबाई सांगाड्याबरोबर जातात.

दत्ता_मालवाहतूक
वजनाचं पटलं. मग सांगा, माथ्यावर ब्रेक मारला की गाडी घसरते ती यामुळंच का? आम्ही पोरांना सांगतो, ब्रेक चढावर मारा, माथ्यावर नको.

फळा_खडू
बरोबर सांगता. टायरची पकड नॉर्मलवर अवलंबून. रेवाच्या गाडीला माथ्यावर ९८०० ऐवजी ४८०० मिळतात, म्हणजे ब्रेकची ताकद जवळजवळ निम्मी, आणि स्टिअरिंगचीही.

रेवा_बारावी
शीटच्या मागे उत्तर १४ m/s आहे. परीक्षेत काय लिहू? १३ लिहिलं तर मार्क जातील ना?

सुहास_के
१४ लिही आणि मोकळी हो.

फळा_खडू
प्रश्नात 'माथ्यावर' हा शब्द असेल तर १४ अगदी बरोबर. 'पुलावर कुठेही सुटू नये' असं असेल तर १३. तुझ्या शीटमध्ये दुसरा प्रश्न मोघम आहे, सरांना विचार त्यांना काय अभिप्रेत होतं.

माझ्याकडून एक अर्धवट राहिलंय. खऱ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असतं. पुढची गोलाईवर पोचलेली आणि मागची अजून सरळ चढावर, अशा क्षणी पुढचा आस किती वेगाला उचलला जाईल, हे स्प्रिंगसकट मला नीट मांडता आलेलं नाही. रस्तेवाले, तुमच्याकडे कुणी केलं असेल तर इथं टाका.