नावडत्या कामाला आवडीची जोड: तुमचे अनुभव सांगा

मेधा: आईचा गुडघा बदलला, तेव्हा टाच गादीवरून ओढत पाय दुमडायचा व्यायाम तिला नकोसा व्हायचा. तिला कादंबऱ्या ऐकायला आवडतात. मग ठरवलं, कादंबरी फक्त व्यायामाच्या वेळी, आणि फोन माझ्याकडे. व्यायाम संपला की प्रकरण अर्धं राहिलं तरी बंद. आता दुपारी तीच हाक मारते, "अगं, ये ना लवकर!" तुम्ही कोणत्या कामाला काय जोडलंत?

सीए_सांगली: मी जीएसटीचं रिटर्न भरून झालं की आइस्क्रीम खातो. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

निशिगंध: ते बक्षीस झालं, दादा. रिटर्न भरतानाचा कंटाळा त्याने कमी होत नाही. इथे आवडीची गोष्ट काम चालू असतानाच मिळते आणि एरवी मिळत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी हे व्यायामशाळेत तपासलं होतं, निबंध २०१४चा. एका गटाची आवडती श्राव्य पुस्तकं व्यायामशाळेतल्याच आयपॉडवर ठेवली. दुसऱ्या गटाला पुस्तकं स्वतःजवळ दिली आणि तिथेच ऐका असं नुसतं सुचवलं. सुरुवातीला पहिला गट पुस्तकं न दिलेल्या तिसऱ्या गटापेक्षा ५१ टक्के जास्त वेळा आला, दुसरा २९ टक्के. मेधाताई, फोन तुमच्याकडे आहे, त्यात बरंच काही आहे.

सीए_सांगली: पण आइस्क्रीममुळे माझं काम वेळेत होतं, हे खरंच आहे.

बाई_सातवी_ब: मी उत्तरपत्रिका तपासताना नाट्यसंगीत लावते. गाळलेल्या जागा, जोड्या, गुणांची बेरीज यांत मजेत वेळ जातो. निबंध आले की गाणं बंद. शब्द कानात शिरले की मुलाचं वाक्य दोनदा वाचावं लागतं, आणि ओळखीचं पद असेल तर मन तिकडेच धावतं. निबंधांसाठी फक्त वेलचीचा चहा, तोही ताजा. त्याची जोड जरा लंगडीच आहे, कारण चहा मी एरवीही पिते.

रानवारा: मुलगा जेवताना मोबाइल मागतो, तेही यातच येतं का? कसं सोडवायचं?

मेधा: रानवारा, तो प्रश्न निराळा आहे. त्याला जेवण नकोसं आहे का, हे आधी पाहा. मोबाइल बघत खाताना पोट भरल्याचंही कळत नाही.

इस्त्रीवाला_नवरा: आमच्याकडे इस्त्री आणि जुने क्रिकेट सामने. गोष्ट अशी की डोळे पडद्यावर गेले आणि सदऱ्याच्या कॉलरला डाग पडला. आता रेडिओवरचं समालोचन. ऐकता येतं, बघावं लागत नाही.

निशिगंध: त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट. हा फरक हळूहळू ओसरला, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर जवळजवळ उरलाच नाही. त्यामुळे मेधाताई, आई गावाला जाऊन आल्यावर काय होतं ते जरूर लिहा.

मेधा: पुढच्या आठवड्यात मावशीकडे चाललीय. कादंबरी सोबत द्यावी का, यावरच घरात वाद आहे. मावशीकडे फोन कोण सांभाळणार?