मदत हवी आहे: जानेवारीत सूर्य जवळ, मग थंडी कशी?

चकलीचा_सोऱ्या: लेक सातवीत आहे, पुण्यात राहतो. शाळेतून ऋतूंचं चित्र काढून आणायला सांगितलंय तर तिने पृथ्वीची कक्षा चांगली काकडीसारखी लांबट काढली, सूर्याजवळच्या टोकाला उन्हाळा, लांबच्या टोकाला हिवाळा. मी म्हटलं असं नसतं गं, पृथ्वीचा आस कललेला असतो म्हणून ऋतू. तेवढ्यात सासरे पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले की परवाच पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ होती. झालं! आता लेक विचारते, मग मी सकाळी स्वेटर घालून का जाते? मला "आस कललेला" एवढंच पाठ आहे, पुढचं काही येत नाही. कोणी सोपं करून सांगा प्लीज.

बाकरवडी७७: सोपंय की. आस कललेला असल्याने उन्हाळ्यात आपला अर्धा भाग सूर्याकडे झुकतो, म्हणजे जवळ जातो, म्हणून गरम होतं.

गच्चीवरचा_खगोल: बाकरवडी, झुकतो इथपर्यंत बरोबर, "जवळ जातो" तिथे गाडी घसरली. अख्खी पृथ्वी या टोकापासून त्या टोकापर्यंत १३ हजार किमीसुद्धा नाही आणि सूर्य १५ कोटी किमीवर, झुकून झुकून किती जवळ जाणार? आजोबांचं मात्र खरं आहे. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य साधारण १४.७ कोटी किमीवर असतो, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. ५० लाख किमी ऐकायला मोठं वाटतं पण त्याने उन्हात फरक पडतो जेमतेम ७ टक्क्यांचा.

आणि ती काकडी आधी खोडा. कक्षा कागदावर १५ सेंमी लांब काढली तर तिची रुंदी फक्त ०.०२ मिमीने कमी भरेल, पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. सूर्य तेवढा मधोमध नाही, सव्वा मिमी बाजूला. म्हणजे कंपासने गोल काढला तरी चालतंय.

खरा खेळ ऊन किती तिरपं पडतं त्याचा. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे जे ऊन डोक्यावरच्या सूर्याने गच्चीच्या तीन फरश्यांवर पडलं असतं ते चार फरश्यांवर पसरतं. वर दिवस ११ तासांचा, जूनमध्ये तो सव्वातेरा. दोन्ही धरलं तर वरून येणारं ऊन डिसेंबरमध्ये दिवसभरात जवळपास एक तृतीयांश कमी, आणि हे ते "जवळ असल्याचे" ७ टक्के जमेला धरून. लेकीला मीटरभर काठी उभी करून सावली मोजायला सांगा, पाठ करण्यापेक्षा बरं.

यारा_काठचा: आम्ही मेलबर्नला. इथे आत्ता ऐन उन्हाळा आहे, मग आमच्याकडे जवळ असल्यामुळेच गरम होतंय ना? बाय द वे सोलर पॅनल बसवतोय, पुण्याच्या घरी दक्षिणेकडे तोंड होतं, इथला माणूस म्हणतो उत्तरेकडे करा. फसवतोय का?

गच्चीवरचा_खगोल: नाही हो, बरोबर सांगतोय, तुमचा सूर्य दुपारी उत्तरेला असतो. आणि एकाच दिवशी, एकाच अंतरावर पुण्यात स्वेटर नि तुमच्याकडे घामाच्या धारा, यातच उत्तर आलं की. ते ७ टक्के तुम्हाला मिळतात हे खरं, पण दक्षिणेला समुद्र जास्त असल्याने ते फारसे जाणवत नाहीत.

चकलीचा_सोऱ्या: केलं! काल बरोब्बर बाराला मोजली तर सावली ९१ सेंमी आणि पश्चिमेकडे कललेली, मी म्हटलं गंडलं सगळं.

गच्चीवरचा_खगोल: घड्याळातले बारा आपले नाहीत, अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरचे आहेत. पुण्यात सध्या सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो १२:४० च्या आसपास. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी टोकाला खडूची खूण करा, सगळ्यात आखूड सावली ती खरी.

चकलीचा_सोऱ्या: आज ८८ सेंमी, सरळ उत्तरेला! आता जूनची वाट बघतोय. पण एक अडलंच, जूनमध्ये सूर्य सगळ्यात वर तर पुण्यात मे जास्त का तापतो?

गच्चीवरचा_खगोल: सूर्य पुण्यात मेच्या मध्यालाच डोक्यावर येऊन जातो, आणि जूनमध्ये पावसाचे ढग आडवे येतात. २१ जूनला ऊन मिळालंच तर सावली जेमतेम ९ सेंमीची आणि चक्क दक्षिणेला पडेल. पण ढग असणार, आधीच सांगून ठेवतो.

बाकरवडी७७: मान्य, जवळ जात नाही. पण काठी तीच, गच्ची तीच, मग आस कललाय हे सावलीवरून कसं कळणार? सूर्यच वरखाली होत असेल.

गच्चीवरचा_खगोल: नुसत्या काठीवरून नाहीच कळणार, मुद्दा चोख आहे. काठी एवढंच सांगते की ऊन तिरपं होतंय.

चकलीचा_सोऱ्या: सासरे विचारतायत, सावली २२ डिसेंबरनंतरच आखडायला लागत असेल तर उत्तरायण संक्रांतीपासून का म्हणायचं?

बाकरवडी७७: आजोबांना सांगा वेगळा धागा काढा, हा २०० प्रतिसादांवर जाईल.