मदत हवी आहे: कोरियन कार्डावर ‘कंडक्टर’ असं पद येतंय, मेल कुणाला आणि कसा लिहू?

शेंद्रा_फिक्स्चर: इथल्या एका कोरियन कंपनीला उद्या सकाळी कोटेशन पाठवायचंय. त्यांच्या माणसाच्या कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तोही फक्त कोरियन बाजूचा. नाव झाकून मजकूर देतो:

```
(주)○○○
생산기술팀
차장 김○○
```

अ‍ॅपनं पहिल्या ओळीत ‘आठवडा’ आणि पदाच्या जागी ‘कंडक्टर’ दिलंय. कारखान्यात कंडक्टर कामून? साहेब हायेत का मॅडम, तेबी कळंना.

लातूरकर७७: नावाला ‘सान’ जोडा, झालं. तिकडं सगळ्यांना तसंच म्हणतात. कंडक्टर म्हणजे सुपरवायझर असंल.

हांगुल_वाचक: ‘सान’ जपानी आहे, कोरियन माणसाला लावू नका. कंडक्टरचं म्हणाल तर अ‍ॅप पुरतं चुकलेलं नाही. 차장, उच्चार ‘छाजांग’, हे गाडीतल्या कंडक्टरलाही म्हणतात आणि कंपनीतल्या पदालाही. लिहायला दोन्ही सारखे. कार्डावर आलं की पदच समजायचं. (주) चंही तसंच. 주 म्हणजे आठवडाही होतो, पण कंपनीच्या नावाला चिकटून कंसात आलं की ती नुसती ‘लिमिटेड कंपनी’ची खूण.

खालून वर पायऱ्या अशा: सावॉन, तेरी, क्वाजांग, छाजांग, पुजांग. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी क्वाजांगला मॅनेजर, छाजांगला डेप्युटी जनरल मॅनेजर आणि पुजांगला जनरल मॅनेजर लिहितात. इथंच आपल्याकडं घोळ होतो. वाळूजला जनरल मॅनेजर म्हटलं की आख्खा प्लांट सांभाळणारा माणूस डोळ्यांपुढं येतो. पुजांग हा साधारण एका विभागाचा प्रमुख आणि तुमचे छाजांग त्याच्या एक पायरी खाली. 생산기술팀 म्हणजे उत्पादन तंत्रज्ञानाची टीम, तेव्हा फिक्स्चरची तांत्रिक बोलणी त्यांच्याशी बरोबर आहेत. पण दरावरची सही त्यांच्याच हातात असेल, असं पदावरून धरू नका.

आधी अक्षर मात्र नक्की करा. 차장, 과장, 부장 तिन्हींचं दुसरं अक्षर एकच, म्हणून पुसट फोटोत पायरी बदलते, आणि छाजांगला क्वाजांग लिहिलं तर तुम्ही त्यांना एक पद खाली उतरवलंत. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवतं, त्यामुळे तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. नवा काढणार असतील तर फ्लॅश बंद, कार्ड खिडकीपाशी सपाट, मोबाईल बरोबर वरून. अ‍ॅपमध्ये भाषा आपोआप ओळखू देऊ नका, कोरियन निवडा आणि पदाची ओळ तेवढी कापून द्या.

वाळूज_टूलरूम: माझ्याकडं जर्मन कार्ड आहे, Prokurist लिहिलंय. हे मॅनेजरच्या वर का खाली?

हांगुल_वाचक: वर-खाली नाही. कंपनीच्या वतीनं सही करायचा अधिकार, तिकडच्या व्यापारी नोंदवहीत नोंदवलेला. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढा राव.

शेंद्रा_फिक्स्चर: आता वरून काढलेला फोटो आला, 차장च हाये. मग Dear Mr. Kim लिहू का?

हांगुल_वाचक: पुरुष असल्याची खात्री असेल तरच. कोरियन नावावरून ते नेहमी कळत नाही. त्यांची रीत आपल्या ‘देशमुख साहेब’सारखी आहे: आडनाव, पद आणि शेवटी ‘निम’. 김 차장님, म्हणजे ‘किम छाजांग-निम’. यात साहेब-मॅडमचा प्रश्नच येत नाही. इंग्रजी मेलात असं चालतं:

```
Dear Kim Chajang-nim,
```

김 हे आडनाव, ते आधी येतं. त्याला नुसतं ‘शी’ लावून ‘किम-शी’ म्हणू नका, ते तुच्छतेनं हाक मारल्यासारखं लागतं. आणि आडनावाचं स्पेलिंग मनानं करू नका. 이 कुणी Lee लिहितं, कुणी Yi. त्यांच्या ईमेलात असेल तेच घ्या.

क्यूसी_मराठवाडा: पूर्ण पटलं नाही. आमच्याकडं येणारे कोरियन लोक इंग्रजी मेलात सर्रास मिस्टर लिहितात. आपण ‘निम’ लिहिलं तर उगीच नाटकी वाटतं.

हांगुल_वाचक: त्यांनी आधी तसं लिहिलं असेल तर तुम्हीही लिहा. पहिल्या मेलात मी ‘निम’च ठेवीन. काही कंपन्यांनी या पायऱ्या बोलण्यातून काढल्यात, सॅमसंगमध्ये 2017 पासून ‘निम’ किंवा ‘प्रो’ म्हणतात. पण इथं कार्डावर पद छापलंय.

शेंद्रा_फिक्स्चर: कार्डाची मागची बाजू आत्ताच आली. त्यावर Senior Manager लिहिलंय, डेप्युटी जनरल मॅनेजर न्हाई!

हांगुल_वाचक: मग कोटेशनवर Senior Manager. इंग्रजी पद कंपनी स्वतः ठरवते, माझी यादी बाजूला ठेवा. मेलात हाक छाजांग-निमच.

क्यूसी_मराठवाडा: मी तरी मिस्टरच लिहिलं असतं.